स्वेटरसकट वजन

भंडाऱ्याच्या बाजारामागे, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीला लागून, एका महिला मंडळाने दोन खोल्या भाड्याने घेऊन पाळणाघर सुरू केलं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तिथली बाई. सकाळी साडेआठला कुलूप काढायची आणि संध्याकाळी शेवटचं मूल शेवटच्या आईच्या कडेवर चढलं की लावायची. सोळा मुलं, त्यातली दहा-बारा तरी तीन वर्षांखालची. मदतीला एक मावशी होती. ती दूध तापवायची, लंगोट धुवायची आणि दिवसातून तीनदा कंबर धरून बसायची.

त्या दिवसांबद्दल कोणी विचारलं तर मला पहिल्यांदा शेंबूड आठवतो. लोकांना वाटतं, मुलांत राहणाऱ्या बाईला बोबडे बोल आठवत असतील, गाणी आठवत असतील. मला सोळा नाकं आठवतात. आषाढात एकाचं सुरू व्हायचं. ते दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. असं फिरत फिरत सोळाव्यापर्यंत पोचेस्तोवर पहिल्याला नवी सर्दी झालेली असायची. होळीपर्यंत हे चालायचं. मी आपली पदराने नाकं पुसत फिरायची. इकडचं पुसलं, तिकडचं पुसलं, मग त्याच हाताने कोणाला तरी भात भरवला. आता लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा पदर हीच माझी सगळी सामग्री होती.

मुलांच्या आया म्हणजे शिक्षिका, दवाखान्यातल्या मदतनीस, विड्या वळणाऱ्या दोघी, एक पितळेच्या भांड्यांना पॉलिश करणारी. मूल आजारी पडलं की त्यांची नोकरी हलायची आणि त्यांचं तोंड माझ्याकडे वळायचं. घरात होतं तेव्हा पोराला शिंकही येत नव्हती, इथं आल्यापासून नाकाचा नळ चालू आहे, तुम्ही पोरांना थंड पाण्यात खेळू देता का? हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की बोलणारीचं तोंड उघडायच्या आत मला पुढचं वाक्य पाठ असायचं. मला रागही यायचा. मी काय सर्द्या माठात भरून ठेवल्या होत्या?

मंडळाच्या ओळखीचे एक डॉक्टर तीन-चार महिन्यांतून एकदा मुलं तपासायला यायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, वऱ्हाडातले, हळू बोलणारे. पहिल्याच पावसाळ्यात मी त्यांच्यापुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं. ते मावशीने केलेला चहा पीत म्हणाले, की यात तुमचा दोष नाही आणि मुलांचाही नाही. सर्दी ही एक नसते. सर्दी करणारे जंतू शेकड्याने आहेत, आणि एकाशी झुंजून शरीर जे शिकतं ते दुसऱ्याच्या वेळी फारसं कामी येत नाही. घरात एकटं वाढणाऱ्या मुलाची त्यांच्याशी गाठ हळूहळू पडते. इथे सोळा घरं एका खोलीत येतात. त्यात या वयाचं मूल सगळं तोंडात घालतं, एकाने चोखलेली लाकडी गाडी दुसरा चोखतो, आणि नाक पुसलेला हात सगळीकडे लागतो. म्हणून पहिल्या वर्षात आठ, दहा, एखाद्याला बारा सर्द्याही होतात. पावसाळ्यात आणि थंडीत तर एक जाते न जाते तोच दुसरी येते. वर्ष-दोन वर्षांत ते कमी होतं. हीच मुलं शाळेत जातील तेव्हा इतरांपेक्षा कमी आजारी पडतील.

मी विचारलं, की मग ज्याचं नाक वाहतं त्याला घरी पाठवू का? ते हसले. नाक वाहायला लागायच्या आधीच्या दिवशीच त्याने सर्दी वाटलेली असते, म्हणाले. तापलेल्याला, मलूल झालेल्याला घरी ठेवा. नुसत्या वाहत्या नाकाला घरी पाठवाल तर पाळणाघर रिकामं होईल. त्यांनी पदर बंद करायला लावला. प्रत्येक मुलाच्या सदऱ्याला सेफ्टीपिनने आपापला रुमाल, नाक पुसलं की आपले हात साबणाने धुवायचे, खेळणी रोज धुवायची. आम्ही ते केलं. सर्द्या थोड्या उतरल्या, थांबल्या नाहीत. थांबणार नाहीत हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं.

त्याच दिवशी ते आणखी बरंच बोलले होते. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते, मागे खोकला राहिला तरी दोन-तीन आठवड्यांत जातो. दोन सर्द्यांच्या मधे मूल कसं आहे ते बघा. खेळतं, खातं, वजन वाढतं, तर वर्षात दहा वेळा नाक वाहिलं तरी चिंता नको. पण खोकला तीन आठवड्यांवर गेला, ताप रेंगाळला, श्वास भरभर चालला, कानातून पू आला, छाती पुन्हा पुन्हा भरली, किंवा वजन थांबलं, तर ती सर्दी म्हणू नका, माझ्याकडे पाठवा. त्यांनी ते एका कागदावर लिहूनही दिलं होतं. मी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग मला इतका आवडला, की दुसरा अर्धा मी कपाटातच ठेवला. आता माझ्याकडे उत्तर होतं. कोणतीही आई तोंड वाकडं करून आली की मी म्हणायची, वर्षात आठ-दहा वेळा होतेच, डॉक्टरसाहेबांनी सांगितलं आहे. म्हणताना मला बरं वाटायचं. आयांनाही बरं वाटायचं. बाजारातला कंपाउंडर प्रत्येक शिंकेला सुई टोचून द्यायचा, तेही बरंचसं बंद झालं. चांगलंच झालं होतं ते. म्हणूनच माझा माझ्यावर फार विश्वास बसला.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात एक नवं मूल आलं. सोळा महिन्यांचा मुलगा, मोठ्या डोळ्यांचा, चालता चालता धपकन बसणारा. त्याची आई अड्याळच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात शाळेत शिकवायची, रोज एसटीने जा-ये. नवरा जंगल खात्यात दूर नोकरीला, रविवारी यायचा, तोही दर रविवारी नाही. सासर आसगावचं. तिकडे धानाची रोवणी चालू, सासूला शेत सोडून नातू सांभाळायला येणं जमत नव्हतं. म्हणून मूल माझ्याकडे. ती पंचविशीची असेल. सकाळी त्याला माझ्याकडे द्यायची आणि मागे न बघता बसस्टँडकडे पळत सुटायची, कारण मागे बघितलं की तो रडायचा आणि तो रडला की बस जायची.

त्याला जुलैत सर्दी झाली, ऑगस्टमध्ये दोनदा, सप्टेंबरमध्ये एकदा. नेहमीसारखंच. आठ दिवस नाक गळायचं, दोन दिवस अंग कोमट लागायचं, नवव्या दिवशी तो पुन्हा लाकडी गाडीसाठी दुसऱ्याच्या केसांना हात घालायचा. आई घाबरली, मी तिला आठ-दहाचं सांगितलं, आणि त्या वेळी मी सांगितलं ते अगदी खरं होतं.

दिवाळीनंतर त्याला खोकला लागला. मलाही लागला होता. त्याचं मला काहीच वाटलं नाही. मुलांच्या सर्द्या आम्हा दोघींना लागायच्याच. मावशी आठ दिवसांत बरी व्हायची, माझा खोकला मात्र रेंगाळायचा. मी म्हणायची, वय झालं. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. संध्याकाळी अंगात कणकण असायची, ब्लाउज सैल झाले होते, घरी जाऊन चूल पेटवायची म्हटलं तरी जिवावर यायचं. नवरा म्हणायचा, जरा दाखवून घे. सोळा पोरं सांभाळून दमणार नाही तर काय, असं म्हणून मी गप्प बसवायची. थकवा हा माझ्या कामाचाच भाग आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या हिवाळ्यात तो मुलगा मला फार चिकटला. इतर मुलं अंगणात उन्हात खेळायची, हा माझ्या मांडीवर. खाली ठेवला की कुरकुर. मला वाटलं, लळा लागला. मनातून सुखावलेही. दुपारी माझ्या छातीवर डोकं ठेवून झोपायचा, मी खोकले की तोही खोकायचा, आणि मावशी हसून म्हणायची की मायलेकरासारखं चाललं आहे दोघांचं. आम्ही तिघंही हसायचो. म्हणजे आम्ही दोघी. तो काही तेव्हा फारसा हसत नव्हता, हे मला नंतर आठवलं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्याची आई दारातच थांबली. हातात पिशवी, पायाला रस्त्याची धूळ.

“बाई, याचा खोकला जाऊनच नाही राहिला जी. तीन महिने झाले. शनिवारी सुट्टी टाकून मोठ्या दवाखान्यात नेऊ का याले?”

पावसाळ्यातल्या आजारपणांत तिच्या किरकोळ रजा संपत आल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. हेडमास्तर तिला येता-जाता टोमणे मारायचा, हेही तिने सांगितलं होतं. मला तिची दया आली. मी तिच्या भल्याचंच बोलत होते, निदान तेव्हा तरी मला तसंच वाटत होतं.

“कायले सुट्टी वाया घालवतं तू? सर्दीच होय. पाळणाघरातल्या पोरायले वर्षातून आठ-दहा वेळा होतेच. अन् वजन तं वाढूनच राहिलं त्याचं. हे पाह्य.”

आणि मी तिला वजनाची वही दाखवली.

या वहीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन अडतं. डॉक्टरांनी मंडळाकडून एक स्प्रिंगचा काटा आणवला होता. तो खोलीच्या फाट्याला, म्हणजे छताखालच्या आडव्या लाकडाला टांगायचा, त्याला कापडाची झोळी, झोळीत मूल. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांची वजनं. अंगावर फक्त चड्डी, असं त्यांनी सांगितलं होतं आणि पावसाळ्यात आम्ही तसंच करायचो. पण थंडी पडली की आया कपडे काढू द्यायच्या नाहीत. आमच्याकडची थंडी काही कमी नसते. वैनगंगेवरून वारा आला की मोठी माणसंही शेकोटी सोडत नाहीत. आधीच सर्दीने भरलेलं पोर उघडं केलं म्हणून कोण ऐकून घेणार? पहिल्याच हिवाळ्यात एका आजीने माझ्या अंगावर ओरडून मला गप्प केलं होतं. तेव्हापासून आमचा रिवाजच पडला, की थंडीत स्वेटरसकट वजन करायचं. लोकरीचा स्वेटर, आतून एक जाड सदरा, कानटोपी, मोजे, कमरेला चांदीचा करदोडा. सगळ्यांचंच तसं, म्हणजे फरक कोणाला पडतो, असा माझा हिशेब.

त्या मुलाचं ऑक्टोबरमधलं वजन नऊ किलो दोनशे होतं, उघड्या अंगाने. नोव्हेंबरचं दिवाळीच्या सुट्टीत राहिलं. डिसेंबरात साडेनऊ. जानेवारीत साडेनऊ. फेब्रुवारीत नऊ किलो सहाशे. मी आकड्यावर बोट ठेवून त्याच्या आईला दाखवलं, बघ, चढतंय. तिने वाकून बघितलं. तिचा चेहरा सैल झाला. तिने रजा टाकली नाही.

मी काही खोटं लिहिलं नव्हतं. काटा बरोबर होता, आकडा बरोबर होता. फक्त त्या आकड्यात अर्ध्या किलोच्या आसपास लोकर होती आणि खाली मूल तिथल्या तिथे थांबलेलं होतं. डॉक्टरांनी मला एकच खूण दिली होती, जिच्या जोरावर मी आयांना धीर देऊ शकत होते. तीच मी कपडे घालून झाकून टाकली.

मार्चच्या पहिल्या शनिवारी स्वेटर निघाले. सगळ्यांचीच वजनं खाली आली. मावशी म्हणाली, बाप्पा, पोरं वाळली की काय. मी म्हटलं, कपड्यांचं वजन गेलं. आणि पुढच्याच्या झोळीची गाठ बांधायला वळले. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आकडे लिहीत गेले आणि पान उलटलं.

चार दिवसांनी डॉक्टर आले. हिवाळ्यात त्यांचं स्वतःचंच दुखणं निघालं होतं, म्हणून मधली फेरी चुकली होती. त्यांनी वही मागितली आणि उभ्या उभ्या पानं चाळली. मग खुर्चीवर बसून पुन्हा पहिल्यापासून. बोट एका ओळीवरून आडवं सरकत होतं. थंडीत कपडे होते का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीचे सगळे आकडे पेन्सिलीने खोडले आणि ऑक्टोबरच्या शेजारी मार्च धरला. पंधरा मुलांची वजनं पाच महिन्यांत वाढलेली होती, कोणाची सहाशे ग्रॅमनी, कोणाची किलोभर. त्यात वर्षात अकरा सर्द्या झालेला पॉलिशवालीचा मुलगाही होता, ज्याचं नाक मी कधी कोरडं बघितलंच नाही. सोळाव्याच्या पुढे आठ किलो नऊशे होते.

त्याला आणायला सांगितलं. मी त्याला मांडीवर घेऊन बसले. डॉक्टरांनी मानेच्या गाठी चाचपल्या, छातीला, पाठीला नळी लावली, बराच वेळ. मग विचारत गेले. खोकला कधीपासून? दिवाळीपासून. मधे एखादा आठवडा पूर्ण बरा होता? मला आठवेना. संध्याकाळी ताप? कोमट लागतो. खेळतो? माझ्याजवळच असतो. म्हणजे खेळत नाही, ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. मला मात्र कपाटाच्या दाराकडे बघवेना.

तेवढ्यात मला खोकल्याची उबळ आली. मी तोंड फिरवून, पदर लावून खोकले. थांबल्यावर बघितलं तर डॉक्टर मुलाकडे नव्हे, माझ्याकडे बघत होते.

“आणि हा? हा कधीपासून?”

“मुलांचंच लागते जी मले,” मी म्हटलं. “एक गेली का दुसरी.”

“एक गेली होती का?”

मी मोजून बघितलं. दिवाळीपासून एकही गेली नव्हती. चार महिने तो एकच खोकला होता आणि मी त्याला दर महिन्याला नवी सर्दी म्हणत आले होते.

पुढचं सगळं भराभर झालं. जिल्ह्याच्या टीबी केंद्रात माझी थुंकी तपासली, दोन दिवस, आणि दोन्ही दिवस जंतू सापडले. मुलाच्या हातावर सुई टोचून तिसऱ्या दिवशी बघितलं तर रुपयाएवढी जागा सुजून टणक झालेली. छातीच्या फोटोत गाठी. त्याच्या आईचा, बापाचा, आसगावहून बोलावलेल्या आजीचाही फोटो काढला. सगळ्यांच्या छात्या स्वच्छ. घरात कोणालाच नव्हतं. मुलाला हा रोग मोठ्या माणसाकडून होतो, मुलं तो सहसा एकमेकांना देत नाहीत, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तेवढं सांगायचीही गरज नव्हती. तो दिवसाचे आठ तास कोणाच्या मांडीवर असायचा आणि कोणाच्या छातीवर डोकं ठेवून झोपायचा, हे मला आणि मावशीला ठाऊक होतं.

उरलेल्या पंधरा जणांचीही तपासणी झाली. दोघांच्या हातावर सूज आली, पण फोटो साफ निघाले. खबरदारी म्हणून सगळ्याच लहानांना कित्येक महिने गोळ्या द्यायचं ठरलं. मावशी निरोगी निघाली, माझा नवराही. पाळणाघर पंधरा दिवस बंद राहिलं. मग मंडळाने दुसरी बाई नेमली. माझा औषधाचा काळ पुरा होईपर्यंत मी येऊ नये, असं मंडळाच्या अध्यक्षीणबाई घरी येऊन सांगून गेल्या. चहाचा कप त्यांनी तोंडाला लावला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही लावला नसता.

बऱ्याच आयांनी मला शिव्या दिल्या. ते सोसवलं. विड्या वळणाऱ्या एकीने बाजारात सगळ्यांसमोर विचारलं, की माझ्या पोराला गोळ्या गिळायला लावणारी तूच ना? मी हो म्हटलं आणि पुढे गेले. पण त्या शिक्षिकेने काहीच म्हटलं नाही, आणि ते मला सोसवत नव्हतं.

तिची माझी भेट महिन्यातून एकदा ठरलेली होती. टीबी केंद्रात गोळ्या मिळायच्या त्या महिन्याच्या ठरावीक दिवशी, एका खिडकीवर. बाहेर एक लांब बाक. सुरुवातीला मला रोज इंजेक्शनाला जावं लागायचं. दोन महिने. बसायलाही त्रास व्हायचा, कानात सतत कुईं वाजायचं. मग नुसत्या गोळ्या, दीड वर्ष. मुलालाही तितक्याच लांबीचं औषध. तेव्हा असंच होतं, लवकर सुटका नव्हती. ती मुलाला कडेवर घेऊन यायची, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. मी या टोकाला. मधे अनोळखी माणसं, कोणी खोकणारी, कोणी भिंतीला टेकून डोळे मिटलेली. ती माझ्याकडे बघायची, मान हलवायची, बस. मुलगा मात्र मला बघून हात पुढे करायचा. ती त्याचा हात हळूच खाली घ्यायची. मी जमिनीकडे बघत बसायची.

महिन्या-महिन्याने त्याचे गाल भरत गेले. पावसाळा लागेस्तोवर तो बाकावरून उतरून व्हरांड्यात पळायला लागला होता, आणि त्याला आणायला ती मागे धावायची. माझ्या थुंकीतले जंतू उन्हाळ्यातच गेले होते. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही, मुलं घेतली तरी चालतील. मी कोणाचंच मूल घेतलं नाही. शेजारणीचं तान्हं रडलं तरी मी हात मागे बांधून उभी राहायची. घरी आले की दार लावून पडून राहायची. ते दमणं टीबीचं नव्हतं. रोग उतरला तरी ते उतरलं नाही.

श्रावणातला दिवस होता. केंद्रात गर्दी, खिडकीपाशी रेटारेटी. ती छत्री, पिशवी, औषधाचं कार्ड आणि मूल सगळं सांभाळत आली. मुलाचं नाक वाहत होतं. खोकलाही होता. बाकावर नेमकी माझ्या शेजारचीच जागा रिकामी होती. तिने इकडे तिकडे बघितलं आणि बसली. मग खिडकीकडेच बघत तिने विचारलं, “बाई, हे साधीच होय ना?”

सहा महिन्यांपूर्वी हे उत्तर माझ्या जिभेवर तयार असायचं. मी तिला विचारत गेले. किती दिवस झाले? चार. ताप? पहिल्या दिवशी होता, काल-आज नाही. श्वास भरभर? नाही. खातो? भात खाल्ला, दूध प्यायला. झोपतो? खेळतो? ती म्हणाली, काल पाळणाघरात मावशीच्या बादलीत चप्पल टाकली. शनिवारी वजन केलं का? केलं, कपडे काढून, मी स्वतः उभी राहून. किती? वाढलं. पाळणाघरातल्या किती पोरांची नाकं वाहत आहेत? सगळ्यांची.

सगळी उत्तरं साध्या सर्दीची होती. पण नुसतं ‘साधीच’ मला म्हणवेना. मी म्हणाले, “साधीच वाटते. पन खोकला लांबला, ताप पलटला, तं माह्या सांगण्यावर थांबू नको.”

खिडकीतून तिच्या मुलाचं नाव पुकारलं. ती उठली. एका हातात छत्री, एका हातात कार्ड, आणि पायांत घुटमळणारा तो. तिने खाली वाकून त्याला उचललं.

“तुमच्या सांगण्यावर आता मी कधीच थांबत नाही,” ती म्हणाली. आणि त्याला माझ्या मांडीवर ठेवून खिडकीकडे गेली.